वेदनेमुळे हात हलतो का? विचार आणि शरीर यांच्यातला कार्यकारणाचा गुंता

प्रश्न: तहान लागली म्हणून माझा हात पेल्याकडे गेला, असं मी म्हणतो. पण हात हलवतात स्नायू, स्नायूंना हलवतात नसा, नसांना मेंदू. मग या साखळीत 'वाटण्याला' काही काम उरतं का? विचाराने शरीर खरंच कधी हलतं का?

उत्तर: हलतं, असं मी म्हणेन, पण एक अट घालून. 'वाटणं' या एका शब्दात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. हेतू, समजूत, आठवण, निर्णय ही एक जात. एखादी गोष्ट आतून कशी जाणवते, म्हणजे तहानेची कोरड, भाजल्याची आग, ही दुसरी. पहिल्या जातीबद्दल मी बऱ्यापैकी खात्रीने 'हो' म्हणतो. दुसरीपाशी प्रश्न अजून जिवंत आहे. मनाचं तत्त्वज्ञान इतकी वर्षं शिकवूनही तिथे आलो की मी सावकाश चालतो.

तहानेपेक्षा वेदनेचं उदाहरण घेऊ, कारण त्यात काय आधी झालं आणि काय नंतर हे वेगळं करून पाहता येतं. मागे एकदा तापलेल्या इस्त्रीला माझं बोट लागलं. हात झटकन मागे आला. मग एक बारीक, टोचणारी कळ आली. ती ओसरतेय असं वाटेपर्यंत खरी आग सुरू झाली, पसरट आणि ठणकणारी. मी उठून नळाकडे गेलो आणि बोट पाण्याखाली धरून उभा राहिलो.

या क्रमामागे नसांचा वेग आहे. टोचणारी कळ वाहून नेणारे तंतू सेकंदाला साधारण पाच ते तीस मीटर वेगाने संदेश नेतात. आग नेणारे तंतू फार बारीक असतात आणि त्यांच्यावर वेष्टण नसतं, त्यामुळे त्यांचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटरच्या आसपास. बोटापासून पाठीच्या कण्यापर्यंतचं अंतर जवळजवळ तेवढंच, म्हणून आग सुमारे सेकंदभर उशिरा पोचते. आणि हात मागे घेण्याचा हुकूम तर मेंदूतून निघालेलाच नसतो. तो मज्जारज्जूतूनच परतलेला असतो. म्हणजे 'दुखलं म्हणून हात काढला' हे आपण सगळे म्हणतो ते चूक आहे. ती आग हात काढण्याचं कारण असूच शकत नाही, कारण हात निघाला तेव्हा ती अजून वाटेतच होती.

एपिफेनॉमेनॅलिझम नावाचं मत म्हणतं की सगळीकडे असंच आहे. वर्गात सोयीसाठी मी त्याला 'उपफलवाद' म्हणतो. मेंदूच्या कामातून जाणीव निर्माण होते, पण तिच्यातून पुढे काहीच निर्माण होत नाही. टी. एच. हक्स्ली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने १८७४ साली बेलफास्टच्या व्याख्यानात हे मत स्पष्टपणे मांडलं. त्याने मेंदूचा पुढचा भाग काढलेल्या बेडकाचं उदाहरण दिलं होतं. असा बेडूक आपणहून काही करत नाही, पण तळहातावर ठेवून तळहात हळूहळू कलता केला तर तो पडू नये म्हणून एकेक पाय टाकत वर चढतो. तोल सांभाळण्यासारखं 'समजून केल्यासारखं' काम विचारावाचून होतं, तर मग विचाराची गरज कुठे आहे? हक्स्लीची उपमा आजही सगळीकडे दिली जाते: जाणीव म्हणजे वाफेच्या इंजिनाची शिटी. इंजिनाबरोबर ती वाजते, पण इंजिन ओढायला तिची मदत होत नाही.

या उपमेपाशी थोडं थांबायला हवं. शिटी वाजते तेव्हा ती वाफ खर्च करते. बाष्पकात तेवढी वाफ कमी होते. आवाजाने हवा हलते, रुळाशेजारची माणसं बाजूला होतात. म्हणजे शिटी फार दुबळं कारण असेल, पण कारण आहे. दुसरं उदाहरण म्हणून लोक सावली सांगतात. पण सावलीतली जमीन थंड राहते. मी बरीच वर्षं असं एखादं उदाहरण शोधतोय, जे कशातून तरी उत्पन्न होतं आणि ज्यातून पुढे काहीही उत्पन्न होत नाही. निसर्गात मला एकही सापडलेलं नाही. यावरून उपफलवाद खोटा ठरत नाही. पण जाणिवेला त्याने जे स्थान दिलं आहे ते जगात दुसऱ्या कशालाच नाही, एवढं मात्र दिसतं. शिटीच्या उपमेत हेच झाकलं जातं.

आता बाजू बदलून उपफलवादाचा सगळ्यात भक्कम आधार पाहू. तो बेडकात नाही आणि शिटीतही नाही. आत्मा शरीराहून वेगळा मानणाऱ्या देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाला १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने पत्रातून विचारलं होतं की आत्म्याला आकारमान नाही, स्पर्श नाही, तर तो शरीराला ढकलतो कसा? तो प्रश्न आत्मा मानणाऱ्यांना होता. आज बहुतेक जण वेगळा आत्मा मानत नाहीत, म्हणून त्यांना वाटतं की आपली सुटका झाली. जेगवॉन किम या तत्त्वज्ञाने दाखवलं की ती झालेली नाही. त्याचा युक्तिवाद मी नळापाशी उभं राहून सांगतो.

मी नळाकडे गेलो ते आग होत होती म्हणून, असं समजू. नळाकडे जाणं ही शारीरिक हालचाल आहे. तिच्या मागे स्नायू, स्नायूंच्या मागे मज्जारज्जू, त्याच्या मागे मेंदूतल्या पेशींची एक विशिष्ट अवस्था. ही साखळी कुठेही तुटलेली नाही. एखाद्या पेशीपाशी येऊन 'इथून पुढे भौतिक कारण नाही, इथे मनाने धक्का दिला' असं म्हणायची वेळ शरीरशास्त्रावर आलेली नाही. म्हणजे मेंदूची ती अवस्था माझी हालचाल घडवायला पुरेशी होती. मग आग काय करत होती? एक शक्यता अशी की आगही स्वतंत्रपणे पुरेसं कारण होती, जशा दोन गोळ्या एकाच वेळी हृदयात शिराव्यात. पण असा योगायोग क्वचित घडतो. आयुष्यातल्या प्रत्येक हालचालीला दोन-दोन पुरेशी कारणं आहेत असं मानणं कुणालाच पटत नाही. मग उरतात दोनच वाटा. एक तर आग म्हणजेच मेंदूची ती अवस्था, दोन नावं आणि वस्तू एक. नाहीतर आग वेगळी आहे आणि तिला काही काम नाही.

या युक्तिवादात 'मन वेगळ्या द्रव्याचं आहे' असं कुठेही गृहीत धरलेलं नाही. 'मन मेंदूवर अवलंबून आहे, पण मेंदूची अवस्था म्हणजेच मन नव्हे' एवढं मवाळ विधान केलं तरी माणूस यात अडकतो, आणि आज बहुतेक सुशिक्षित लोक नेमकं तेच विधान करतात. माझे विद्यार्थीही तेच करतात. मग मी फळ्यावर हे टप्पे लिहितो आणि विचारतो की यातला कुठला टप्पा नाकारणार? तिथे खोली शांत होते.

माझ्या मते यातून निघायची एक प्रामाणिक वाट आहे, निदान पहिल्या जातीच्या 'वाटण्या'साठी. एका लिफ्टची कल्पना करा. वजन पाचशे किलोच्या वर गेलं की तिची घंटा वाजते. आज आत पाचशे सदतीस किलो आहेत आणि घंटा वाजली. कारण काय? कुणी म्हणेल, पाचशे सदतीस किलो वजन. कुणी म्हणेल, पाचशेच्या वर वजन. या दोन कारणांत भांडण आहे का? पाचशे सदतीस असणं हा पाचशेच्या वर असण्याचाच एक प्रकार आहे. त्या दोन गोळ्या नाहीत. आणि कुठलं कारण नेमकं हे विचाराल तर दुसरं. एक माणूस उतरून त्याच्याहून थोडा जड माणूस आत आला तर पाचशे सदतीस ही संख्या गेली, पण घंटा तरीही वाजली. घंटा कशाला जोडलेली आहे हे 'पाचशेच्या वर' यातूनच कळतं. हा विचार स्टीफन याब्लो या तत्त्वज्ञाने १९९२ मध्ये मांडला. कारण परिणामाच्या मापाचं हवं, गरजेहून बारीकही नको आणि ढोबळही नको.

हे निर्णयाला लावून पाहू. मी 'बोट पाण्याखाली धरावं' असं ठरवलं. त्या क्षणी अब्जावधी पेशींची एक अमुक मांडणी होती. त्यातल्या काही हजार पेशी किंचित वेगळ्या वागल्या असत्या तरी निर्णय तोच राहिला असता आणि पाय नळाकडेच गेले असते. उलट निर्णय वेगळा असता, समजा डॉक्टरांनी पूर्वी सांगितलेलं काही आठवून मी आधी अंगठी काढायचं ठरवलं असतं, तर हालचाल वेगळी झाली असती. म्हणजे हालचाल जोडलेली आहे ती निर्णयाला, पेशींच्या त्या नेमक्या मांडणीला नाही. मांडणी हा त्या दिवशी निर्णय असण्याचा एक प्रकार होता. इथे मेंदू आणि विचार एकाच खुर्चीसाठी भांडत नाहीत, आणि किमने मागितलेलं दुसरं पुरेसं कारणही आपल्याला लागत नाही.

किमचा यावरचा आक्षेप हलका नाही. तो म्हणेल, तुम्ही फक्त 'हे बदललं तर ते बदलतं' एवढंच दाखवलंत. प्रत्यक्ष जोर लावला तो पेशींनीच. माझं उत्तर असं की जोर लावणं हाच कारणाचा एकमेव अर्थ धरला तर पेशीही हातच्या जातात. त्यांच्या खाली रेणू आहेत, त्यांच्या खाली आणखी काही, आणि सगळं श्रेय तळाला जाऊन बसतं. मग हृदय रक्त ढकलतं असंही म्हणता येणार नाही. किमला हा धोका माहीत होता आणि त्याने तो टाळण्याचा प्रयत्नही केला. तो मला पुरता पटलेला नाही. पण हृदयाला आपण कारण म्हणतो त्याच हक्काने निर्णयालाही म्हणता येतं, आणि तुमच्या प्रश्नाच्या निम्म्या भागाला तेवढं पुरतं.

आता दुसरी जात, जाणवणं. लिफ्टच्या उदाहरणात 'पाचशे सदतीस आहे पण पाचशेच्या वर नाही' हे कल्पनेतही शक्य नाही. मेंदूची अवस्था आणि आग यांचं नातं तसंच आहे का? पेशींची तीच मांडणी आहे, पण जाणवत काहीच नाही, अशी कल्पना करता येते असं अनेकांना वाटतं. तसं असेल तर आग हा त्या अवस्थेचा प्रकार नाही. ती नियमाने तिच्याबरोबर येणारी वेगळी गोष्ट आहे, आणि लिफ्टचं सगळं विवेचन इथे निरुपयोगी ठरतं. शिटी परत येते. स्वतः किम शेवटी याच जागी पोचला होता. विचार आणि हेतू यांना त्यांच्या कामावरून ओळखता येतं, म्हणून ते भौतिक चौकटीत बसतात. जाणवणं तसं ओळखता येत नाही, म्हणून ते बाहेर राहतं.

(आपल्याकडे सांख्यांनी ही रेघ फार पूर्वी ओढली होती. बुद्धी, अहंकार, मन ही सगळी त्यांच्या मते प्रकृतीचीच, म्हणजे काम करणारी. पुरुष तेवढा पाहणारा, अकर्ता. निर्णय एका बाजूला आणि नुसतं साक्षी असणं दुसऱ्या बाजूला. 'मन विरुद्ध शरीर' या मांडणीपेक्षा ही रेघ मला जास्त अचूक वाटते. प्रकृती आणि पुरुष यांच्या जोडीला आंधळा आणि पांगळा अशी उपमा दिली आहे. पण पांगळा निदान आंधळ्याला वाट सांगतो. अकर्त्याने वाट सांगायची कशी, हा प्रश्न तिथेही उरतोच.)

यावर काही जण म्हणतात की प्रयोग करून पाहा. जन्मतः वेदना न जाणवणारी माणसं आहेत. नसांतल्या सोडियमच्या एका वाहिनीचं जनुक बिघडल्याने असं होऊ शकतं, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं. या लोकांचे हात भाजतात, जीभ चावली जाते, हाडं मोडली तरी लक्षात येत नाही. मग वेदना काम करते हे सिद्ध झालं की! वर्गात हा मुद्दा दर वर्षी येतो आणि दर वर्षी मला तो अडवावा लागतो. त्या वाहिनीच्या बिघाडाने फक्त जाणवणं गेलेलं नाही. संदेशच मेंदूपर्यंत पोचत नाही. दोन्ही एकदम गेली, तर फरक कशाने पडला हे कळणार कसं? वायुभारमापकाचा काटा उतरला की वादळ येतं, पण काट्यामुळे नाही. हे तपासायचं तर हवेचा दाब तसाच ठेवून काटा हाताने फिरवून पाहायचा. इथे तशी परीक्षा म्हणजे मेंदूची अवस्था जशीच्या तशी ठेवायची आणि फक्त जाणवणं काढून घ्यायचं. असा प्रयोग आज कुणाला करता येत नाही. आग आणि ती अवस्था एकच असतील तर तो कधीच करता येणार नाही.

बेंजामिन लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाच्या १९८३ च्या प्रयोगाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. लोकांनी मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं आणि इच्छा झाली त्या क्षणी घड्याळासारख्या तबकडीवर वेगाने फिरणारा ठिपका कुठे होता ते सांगायचं. इच्छेची वेळ हालचालीच्या सुमारे दोनशे मिलिसेकंद आधीची निघाली, तर मेंदूतली विद्युत चढण सुमारे साडेपाचशे मिलिसेकंद आधी सुरू झालेली होती. यावरून 'निर्णय आधीच झालेला असतो' असं सांगितलं जातं. पण ती चढण एकेका हालचालीत नीट दिसत नाही. कितीतरी वेळच्या नोंदी हालचालीच्या क्षणापाशी जुळवून त्यांची सरासरी काढावी लागते. २०१२ मध्ये शुर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मेंदूतले सततचे, आपोआप होणारे विद्युत चढउतार एका ठराविक उंबरठ्यापाशी पोचले की हालचाल होते, एवढंच मानलं तरी सरासरीत अगदी तशीच चढण दिसते. मग चढणीची सुरुवात म्हणजे 'गुपचूप झालेला निर्णय' असं म्हणता येत नाही. माझा आक्षेप आणखी साधा आहे. त्या माणसांनी सकाळी सूचना ऐकली, समजून घेतली आणि 'मी मनगट हलवीन' असं कबूल केलं. तो विचार झाला नसता तर दिवसभरात एकही मनगट हललं नसतं. प्रयोगात मोजला गेला तो शेवटचा अर्धा सेकंद.

तर प्रयोगाने निकाल लागत नाही. मला उपफलवादापासून दूर नेणारी गोष्ट वेगळीच आहे. नळापाशी मी म्हणालो, 'आग होतेय.' माझे ओठ हलले, जीभ हलली, म्हणजे हीसुद्धा शारीरिक हालचालच. जाणवण्याला काहीच काम नसेल तर हे शब्दही आगीमुळे निघाले नाहीत. आगीबद्दल मी आजवर जे बोललो, जे लिहिलं, उपफलवाद्याने स्वतःच्या जाणिवेवर जे ग्रंथ लिहिले, त्यातलं एक अक्षरही जाणिवेमुळे उमटलेलं नाही. आग नसती आणि बाकी सगळं तसंच असतं, तरी मी हेच शब्द याच कळकळीने बोललो असतो.

उपफलवादी याला उत्तर देतात, आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे. मेंदूची एकच अवस्था आगही निर्माण करते आणि शब्दही. दोघांचं उगमस्थान एक, म्हणून शब्द खरे ठरतात, जसा काटा आणि वादळ एकाच दाबामुळे जुळून येतात. माहिती म्हणून हे चालेल. काट्यावर भरवसा ठेवता येतो. पण 'आग' या शब्दाने मी नेमकं या जाणवण्याकडेच बोट दाखवतो ते कसं? ज्या गोष्टीचा माझ्या शब्दावर, आठवणीवर, लक्ष देण्यावर कधीच काही परिणाम झालेला नाही, तिला मी नाव दिलं कसं? याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

फ्रँक जॅक्सन या तत्त्वज्ञाला हीच अडचण आली. १९८२ मध्ये त्याने मेरीची कल्पना मांडली. मेरी जन्मभर काळ्या-पांढऱ्या खोलीत राहून रंगांचं सगळं शास्त्र शिकलेली आहे. बाहेर येऊन पहिल्यांदा लाल रंग पाहते तेव्हा तिला नवीन काहीतरी कळतं. म्हणून जाणवणं भौतिक नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ते शरीराला हलवत नाही, हेही त्याने त्याच लेखात पत्करलं होतं. पण मेरी लाल पाहून चकित होते, तिच्या तोंडून उद्गार निघतो. तो उद्गार लालपणाच्या जाणिवेमुळे नाही असं मानलं तर तिला काही नवीन कळलं याचा पुरावा काय उरतो? जॅक्सनने पुढे आपलं मत सोडून दिलं, आणि सोडण्यामागे हाच विचार होता.

मीही आग आणि मेंदूची अवस्था एकच आहे या बाजूला झुकतो. मग किमच्या दोन वाटांपैकी पहिली मोकळी होते आणि मी नळाकडे गेलो तो खरोखर आगीमुळेच गेलो. पेशींची ती मांडणी आतून आग म्हणूनच का जाणवावी, गारवा म्हणून का नाही, हे मात्र मला सांगता येत नाही. ते सांगता येत नाही तोवर उपफलवाद्याला मी चुकीचा ठरवला असं म्हणणार नाही. त्याच्या बाजूने राहायचं तर स्वतःच्या बोलण्याबद्दल काय काय मान्य करावं लागतं, तेवढं मी तुमच्यासमोर ठेवलं आहे.